एक्स्पोर्ट केल्यावर आकाशात उमटणारे पट्टे: कारण नेमके कुठे असते आणि ते कसे घालवावेत

संध्याकाळच्या आकाशाचा फोटो एडिटिंग करताना अगदी मऊ दिसतो. वरच्या गडद निळ्यापासून क्षितिजाजवळच्या केशरीपर्यंत रंग कुठेही न अडखळता उतरत येतो. त्याच फोटोची जेपेग काढून ती पूर्ण पडद्यावर उघडली, की आकाशात आडवे पट्टे दिसू लागतात आणि प्रत्येक पट्ट्याची कड पेन्सिलीने आखल्यासारखी जाणवते. एकदा उपाय केला, फोटो सुधारला, असे वाटते आणि पुढच्या एक्स्पोर्टला पट्टे पुन्हा हजर होतात. ही अडचण वारंवार परतते, कारण तिला एकच कारण नसते. एकामागे एक अशी तीन निरनिराळी कारणे असतात आणि पहिले दूर केल्यावर दुसरे उघडे पडते. माझ्या एकाच फोटोच्या बाबतीत ही तिन्ही कारणे ओळीने भेटली, म्हणून त्याच फोटोचा आधार घेऊन लिहितो.

फोटो दापोलीजवळच्या कर्दे किनाऱ्यावर सूर्यास्तानंतर सुमारे २५ मिनिटांनी घेतलेला आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फाइल १४ बिट रॉ, आयएसओ १०० आणि चित्राचा आकार ६००० × ४००० पिक्सेल. वरच्या २६०० ओळींमध्ये निव्वळ आकाश आहे, एकही ढग नाही. याची ३६ × २४ इंचाची प्रिंट एका गिऱ्हाइकाला हवी होती. प्रिंट हाती आली तेव्हा वरच्या गडद भागात पाच-सहा पट्टे स्पष्ट दिसत होते, आणि प्रिंटरमध्ये दोष असावा अशीच माझी पहिली समजूत झाली. घरी येऊन मी पाठवलेली जेपेग नीट पाहिली तेव्हा तेच पट्टे त्याच ठिकाणी फाइलमध्ये सापडले.

आधी खात्री करा की पट्टे फाइलमध्येच आहेत

उपायाच्या मागे लागण्यापूर्वी दहा मिनिटे तपासणीला द्यावीत, कारण पट्टे कधीकधी फाइलमध्ये नसून पडद्यावर असतात. स्वस्त लॅपटॉपचे अनेक पडदे मुळात प्रत्येक रंगाच्या ६ बिटांचे असतात आणि मधल्या छटा भराभर बदलून ८ बिटांचा आभास निर्माण करतात. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल, किंवा कॅलिब्रेशनने पडद्याचे वळण फार बदलले असेल, तरी २५६ पैकी काही पातळ्या एकमेकींत मिसळतात आणि निर्दोष फाइलवरही पट्टे दिसतात. त्यामुळे ती सोय बंद करावी, फोटो १०० टक्क्यांवर पाहावा आणि डोळ्यांवर न विसंबता आकडे वाचावेत.

फोटोशॉपमध्ये F8 दाबले की Info पॅनेल उघडते. आयड्रॉपरचा नमुना Point Sample वर ठेवून पट्ट्याच्या कडेच्या वर आणि खाली कर्सर हळूहळू न्यावा. पूर्ण पट्टाभर आकडे जसेच्या तसे राहिले आणि कडेवर एखाद्या रंगाचा आकडा एकाने बदलला, तर ८ बिटांची मर्यादा हेच कारण आहे. कडेवर आकडा दोनने किंवा तीनने उडी मारत असेल, तर छटा आधीच कुठेतरी हरवल्या आहेत, म्हणजे दोष एडिटिंगमध्ये आहे. कड सरळ न जाता ८-८ पिक्सेलच्या चौकोनी पायऱ्यांनी जात असेल, तर जेपेगच्या दाबणीने पट्टे पाडले आहेत. आणि आकडे जागोजागी एक-दोनने वरखाली होत असतील, तरीही पट्टे दिसत असतील, तर फाइल ठीक आहे आणि पडद्याकडे पाहायला हवे.

माझ्या जेपेगमध्ये लाल रंगाचे आकडे वरून खाली १८, २०, २१, २३, २४ असे चालले होते. १९ आणि २२ या पातळ्या त्या आकाशात कुठेच नव्हत्या. Histogram पॅनेलमध्ये आकाशापुरती निवड करून पाहिले, तर आलेख कंगव्यासारखा फाटलेला दिसला.

आकाशातच का, आणि गडद आकाशात जास्त का

८ बिटांच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण एकट्या आकाशाच्या वाट्याला त्यातल्या फार थोड्या येतात. कर्देच्या फोटोत वरच्या १५०० ओळींमध्ये लाल रंग १८ पासून ३० पर्यंतच वाढतो. १५०० ओळींना १२ पायऱ्या, म्हणजे एकेक पायरी १२५ पिक्सेल रुंद. ३६ इंचांच्या प्रिंटवर ही रुंदी जवळजवळ दोन सेंटिमीटर भरते. झाडाच्या पानांत किंवा वाळूत अशी पायरी कधीच दिसणार नाही, कारण तिथे शेजारचे पिक्सेल मुळातच वेगवेगळे असतात. मोकळ्या आकाशात मात्र पायरी लपायला जागा नसते. तिन्ही रंगांच्या पायऱ्या वेगवेगळ्या ओळींवर पडतात, त्यामुळे एक पट्टा किंचित हिरवट आणि त्याखालचा किंचित जांभळट दिसतो, हे या दोषाचे ओळखीचे लक्षण आहे.

गडद भागात हे जास्त जाचते, त्याला मोजता येण्याजोगे कारण आहे. एसआरजीबीमध्ये राखाडी रंगाची पातळी २०० वरून २०१ वर गेली, तर प्रत्यक्ष प्रकाश साधारण १.१ टक्क्याने वाढतो. ३० वरून ३१ वर गेली तर तो साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो. म्हणून भर दुपारचे फिकट आकाश सहसा निभावून जाते आणि संध्याकाळनंतरचे आकाश फसते. त्यात आपली दृष्टी भर घालते. दोन सपाट छटा एकमेकींना भिडतात तिथे डोळा कडेची एक बाजू असते त्याहून उजळ आणि दुसरी असते त्याहून गडद करून पाहतो. हा परिणाम एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फाइलमध्ये फरक एकाच पातळीचा असला तरी रेघ ठळक दिसते ती यामुळे.

पहिले कारण: ८ बिटांत केलेले एडिटिंग

१४ बिटांची रॉ फाइल प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवू शकते. मी रॉ उघडून ती फोटोशॉपमध्ये नेली, तेव्हा मधली फाइल ८ बिटांची झाली होती आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यानंतर मी Curves ने आकाशाचा कॉन्ट्रास्ट वाढवला. कॉन्ट्रास्ट वाढवणे म्हणजे मोजक्या पातळ्या ताणून जास्त जागेत पसरवणे. ताणल्यावर मधल्या जागा भरायला नव्या छटा येणार कुठून? त्या नसल्यामुळे १८ नंतर एकदम २० येतो.

यावर उपाय सरळ आहे, मात्र तो सुरुवातीलाच करावा लागतो. कॅमेरा रॉच्या खालच्या दुव्यावर क्लिक करून Depth मध्ये 16 Bits/Channel निवडावे, आणि लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये जाणाऱ्यांनी Preferences > External Editing मध्ये Bit Depth तपासावे. गिंप २.१० मध्ये हेच Image > Precision मध्ये मिळते. काम करताना फाइलच्या नावाच्या पट्टीवर RGB/16 असे लिहिलेले दिसते की नाही, हे एकदा पाहण्याची सवय ठेवली तर पुढचा बराच ताप वाचतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ८ बिटांची फाइल उघडून Image > Mode > 16 Bits/Channel केले, म्हणून हरवलेल्या छटा परत येत नाहीत. पायऱ्या तशाच राहतात, फक्त त्यांना नवे आकडे मिळतात. तरीही पुढची कामे १६ बिटांत होत असल्यामुळे नवीन नुकसान टळते, आणि या गोष्टीचा उपयोग शेवटी सांगितलेल्या दुरुस्तीत होतो. प्रोफोटो आरजीबीत काम करणाऱ्यांनी तर ८ बिटांच्या वाटेला जाऊच नये, कारण तिथे त्याच २५६ पातळ्या कितीतरी मोठ्या रंगक्षेत्रावर पसरलेल्या असतात आणि प्रत्येक पायरी आणखी उंच होते.

मी रॉपासून पुन्हा सुरुवात केली, सगळे काम १६ बिटांत केले आणि शेवटी पूर्ण आकाराची जेपेग काढली. या वेळी १८ ते ३० मधली प्रत्येक पातळी हजर होती आणि कडा दिसत नव्हत्या. नव्या जेपेगची प्रिंट स्वच्छ आली. गिऱ्हाइकाला पडद्यासाठी २०४८ पिक्सेल रुंदीची प्रतही हवी होती, ती त्याच १६ बिटांच्या फाइलपासून काढली आणि तिच्यात पट्टे परतले.

दुसरे कारण: गोंगाट नाहीसा होणे

पूर्ण आकाराच्या जेपेगलाही २५६च पातळ्या होत्या, मग तिथे पट्टे का नव्हते? याचे उत्तर कॅमेऱ्याच्या नॉइजमध्ये आहे. ज्या नॉइजला आपण दोष समजून पुसत असतो, तोच आकाश मऊ ठेवत होता.

समजा, आकाशातल्या एका ओळीची खरी किंमत २२.३ आहे. ८ बिटांच्या फाइलमध्ये २२.३ लिहिता येत नाही, म्हणून ती २२ होते. शेजारच्या शंभर ओळींचीही २२ होते आणि २२.५ ओलांडताक्षणी सगळी ओळ एकदम २३ होते. तीच आपल्याला दिसणारी कड. आता पूर्णांकात बदलण्यापूर्वी प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी यादृच्छिक भर किंवा घट केली, तर २२.३ च्या ओळीतले दहापैकी साधारण सात पिक्सेल २२ होतात आणि तीन २३ होतात. एकेकटा पिक्सेल चुकलेलाच आहे, पण थोड्या अंतरावरून डोळा त्यांची सरासरी पाहतो आणि ती सरासरी २२.३ भरते. खाली सरकत जावे तसे २३ चे प्रमाण हळूहळू वाढत जाते, त्यामुळे कड अशी कुठे उरतच नाही. यालाच डिदरिंग म्हणतात. चित्राच्या बिटांची संख्या कमी करताना मुद्दाम असा गोंगाट मिसळण्याची पद्धत एमआयटीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये मांडली होती.

कॅमेऱ्याचा नॉइज हे काम आपोआप करतो, मात्र तो पुरेसा हवा. आठ बिटांच्या मापात त्याचे प्रमाण विचलन साधारण अर्ध्या पातळीइतके असले तर भागते. हे मोजायला फोटोशॉपमध्ये आकाशात ६० × ६० पिक्सेलची निवड करावी, Histogram पॅनेल विस्तारित रूपात उघडावे, Channel मध्ये Red निवडावे आणि Std Dev वाचावे. निवड इतकी लहान ठेवायची, म्हणजे आकाशाचा स्वतःचा उतार त्या आकड्यात फारसा मिसळत नाही. माझ्या पूर्ण आकाराच्या फाइलमध्ये तो आकडा ०.८ च्या आसपास होता. २०४८ पिक्सेलवर आणलेल्या प्रतीत, निवड त्याच प्रमाणात लहान घेतल्यावर, तो ०.३ वर आला होता.

आकार कमी करताना मूळचे जवळजवळ तीन गुणिले तीन पिक्सेल मिळून एक पिक्सेल बनतो, आणि सरासरीत नॉइज विरून जातो. लाल रंगाची १२५ पिक्सेलची पायरी मात्र ४३ पिक्सेलची होऊन जागच्या जागी राहते. म्हणजे लहान प्रत मोठीपेक्षा स्वच्छ होते आणि स्वच्छ झाल्यामुळेच तिच्यात पट्टे पडतात. नॉइज रिडक्शनची पट्टी आकाशावर जोरात ओढली तरी नेमके हेच होते, आणि आकाश तुकतुकीत करण्याच्या हौसेपायी अनेक जण हा दोष स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. रात्रीच्या किंवा संधिप्रकाशाच्या आकाशावर मी आता रंगाचा नॉइज तेवढा कमी करतो आणि प्रकाशाचा जवळपास तसाच राहू देतो.

यातून क्रमाचा एक नियम निघतो, आणि या साऱ्या प्रकरणात तोच सर्वांत जास्त चुकतो असे माझे निरीक्षण आहे. आधी १६ बिटांत सगळे एडिटिंग पूर्ण करावे, मग १६ बिटांतच आकार कमी करावा, मग एसआरजीबीत रूपांतर करावे, त्यानंतर डिदरिंगसाठी ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदार नॉइज, मिसळावा आणि अगदी शेवटी ८ बिटांवर यावे. ग्रेन आधी मिसळून आकार नंतर कमी केला, तर ग्रेनही सरासरीत विरतो. लाइटरूमच्या Effects मधली ग्रेन पट्टी पूर्ण आकाराच्या चित्रावर काम करते, म्हणून एक्स्पोर्टमध्येच आकार लहान करणाऱ्यांना तिचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी मिळतो. उलट बाजूने, ८ बिटांवर आल्यानंतर ग्रेन मिसळला तर २२.३ मधले .३ आधीच गेलेले असते. तेव्हा ग्रेन कड झाकतो खरा, पण सरासरी बरोबर येत नाही आणि तेवढ्याच परिणामासाठी बराच जास्त ग्रेन लागतो.

फोटोशॉपमध्ये यासाठी Filter > Noise > Add Noise उघडून Gaussian आणि Monochromatic निवडावे, Amount १ टक्क्यापासून सुरू करावा आणि १०० टक्क्यांवर पाहत ठरवावा. डार्कटेबलमध्ये dither or posterize नावाचे मॉड्यूल आहे, ते प्रक्रियेच्या शेवटी चालते. गिंपमध्ये फाइल ८ बिटांवर आणताना उघडणाऱ्या चौकटीत डिदरिंगचा पर्याय विचारला जातो, तो बंद ठेवू नये. फोटोशॉपच्या Color Settings मधल्या Use Dither या खुणेबद्दलही विचारणा होते. ती खूण ८ बिटांच्या फाइलचे रंगक्षेत्र बदलताना उपयोगी पडते, १६ बिटांत ताणलेल्या आकाशाचा प्रश्न तिच्यावर सोपवता येत नाही. ग्रेडियंट टूलने स्वतः काढलेल्या पार्श्वभूमीसाठी मात्र त्या टूलच्या पट्टीवरची Dither खूण जरूर चालू ठेवावी.

तिसरे कारण: जेपेग डिदरिंग खाऊन टाकते

वरचा क्रम पाळून, अगदी बारीक डिदरिंग करून काढलेली पीएनजी निर्दोष होती. तीच प्रत ७५ च्या दर्जाची जेपेग करून जतन केली, तर पट्टे पुन्हा आले आणि या वेळी त्यांच्या कडा चौकोनी होत्या.

जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्याचे ६४ आकडे बनवते. पहिला आकडा ठोकळ्याची सरासरी सांगतो आणि बाकीचे त्यातले चढउतार सांगतात, ठळक ते बारीक अशा क्रमाने. नंतर प्रत्येक आकड्याला ठरलेल्या भाजकाने भागून जवळचा पूर्णांक घेतला जातो. लिबजेपेग या जेपेग बनवणाऱ्या प्रचलित सॉफ्टवेअरच्या कोष्टकात ७५ दर्जाला प्रकाशाच्या चढउतारांचे भाजक ५ पासून ६१ पर्यंत असतात. एखादा आकडा भाजकाच्या निम्म्याहून लहान असेल तर तो शून्य होतो. बारीक डिदरिंगचा आकार अर्ध्या पातळीचा, तेव्हा त्यातून तयार होणारे आकडेही साधारण तेवढेच असतात, आणि सर्वांत लहान भाजकाचा निम्मा अडीच. म्हणजे सगळे डिदरिंग शून्यावर जाते आणि उरते ती फक्त सरासरी. तीही ७५ दर्जाला एक-एक पातळीच्या टप्प्यांनीच लिहिली जाते. पायऱ्या परत येतात आणि त्यांच्या कडा ठोकळ्यांच्या सीमेवर पडतात. ९० दर्जालाही बहुतेक भाजक इतके मोठे असतात की अर्ध्या पातळीचे डिदरिंग जवळजवळ सगळे पुसले जाते. दर्जा ९५ वर नेला, की लहान भाजक १ ते ६ च्या दरम्यान येतात आणि तिथे काहीतरी टिकू शकते.

म्हणून पीएनजी किंवा टिफसाठी अर्ध्या पातळीचे डिदरिंग पुरते, पण जेपेगसाठी ग्रेन जास्त ठळक ठेवावा लागतो. ९५ दर्जासोबत दीड ते अडीच पातळ्यांचे प्रमाण विचलन असलेला ग्रेन माझ्या कामात पुरेसा ठरला आहे. हा ग्रेन तिन्ही रंगांना सारखाच द्यावा. जेपेग रंगाची माहिती बहुधा चार पिक्सेलमागे एकदाच ठेवते, त्यामुळे रंगीत ठिपके पुसले जातात, प्रकाशातले ठिपके मात्र तग धरतात. शक्य असेल तिथे रंगाची ही कपात बंद करावी. दर्जाचे हे आकडे लिबजेपेगचे आहेत. फोटोशॉपचे ० ते १२ आणि लाइटरूमचे ० ते १०० हे मोजमाप वेगळे आहे, तिथे वरच्या टोकाजवळ राहावे.

ज्यांना पायथॉन चालवता येते त्यांच्यासाठी मी वापरतो तो छोटा कोड देतो. त्याला एसआरजीबीत रूपांतरित केलेली, अंतिम आकाराची १६ बिट टिफ द्यावी.

```python
import numpy as np, tifffile
from PIL import Image

a = tifffile.imread("sky_2048_16bit.tif")[..., :3] / 257.0
r = np.random.default_rng()
tri = r.random(a.shape) - r.random(a.shape)
grain = r.normal(0, 1.8, a.shape[:2])[..., None]

png = np.clip(np.rint(a + tri), 0, 255).astype(np.uint8)
jpg = np.clip(np.rint(a + tri + grain), 0, 255).astype(np.uint8)
Image.fromarray(png).save("sky.png")
Image.fromarray(jpg).save("sky.jpg", quality=95, subsampling=0)
```

यातले `tri` म्हणजे दोन यादृच्छिक आकड्यांची वजाबाकी आहे, आणि एकाच आकड्याऐवजी दोन घेण्यामागे हेतू आहे. एकाच आकड्याने, म्हणजे उणे अर्धा ते अधिक अर्धा एवढ्या भरीने, सरासरी बरोबर येते, पण खरी किंमत नेमकी २२ असते तिथे ठिपके नाहीसे होतात आणि २२.५ असते तिथे ते सर्वांत जास्त दिसतात. गुळगुळीत आणि खरखरीत असे पट्टे एकाआड एक तयार होतात. दोन आकड्यांच्या वजाबाकीने खरखर सगळीकडे सारखी राहते. `257` ने भागण्याचे कारण असे, की १६ बिटांची सर्वोच्च किंमत ६५,५३५ आणि ८ बिटांची २५५, आणि त्यांचा भागाकार बरोबर २५७ येतो.

कर्देच्या फोटोची २०४८ पिक्सेलची जेपेग या रीतीने काढली तेव्हा हाताच्या अंतरावरून आकाश अखंड दिसले. पडद्याला नाक लावून पाहिले तर फिल्मसारखे बारीक दाणे दिसतात आणि ही किंमत मला मान्य आहे. फाइल मात्र मोठी होते, कारण दाणे दाबायला कठीण असतात, आणि पीएनजीच्या बाबतीत ही वाढ फारच जाणवते. तुमची फाइल जिथे चढवायची आहे तिथे ती पुन्हा लहान करून कमी दर्जात दाबली जाणार असेल, तर आपण घातलेल्या ग्रेनपैकी किती टिकेल हे आपल्या हातात नसते. निदान त्या ठिकाणचा अंतिम आकार माहीत करून घेऊन त्याच आकाराची फाइल द्यावी, म्हणजे सरासरीचा एक टप्पा तरी टळतो. निरोपाच्या अॅपवरून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते.

१० बिटांच्या एव्हीआयएफ किंवा एचईआयसी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ पातळ्या मिळतात. माझ्या आकाशातल्या १२ पायऱ्यांच्या तिथे सुमारे ४८ होतील आणि प्रत्येकीची उंची चौथ्या हिश्शावर येईल. फरक खरोखर मोठा आहे, पण फाइलपासून पडद्यापर्यंतची सगळी साखळी १० बिटांची असेल तरच तो दिसतो. समोरच्याकडे काय आहे हे ठाऊक नसेल, तर डिदरिंग केलेली ८ बिटांची फाइल अधिक भरवशाची आहे.

हाती फक्त पट्टे पडलेली जेपेग उरली असेल तर

रॉ हरवली असेल, किंवा फोटो दुसऱ्याचा असेल, तर छटा परत आणता येत नाहीत, पण नव्याने तयार करता येतात. जेपेग उघडून ती १६ बिटांत न्यावी, थराची प्रत काढावी आणि त्या प्रतीवर Gaussian Blur चालवावा. त्याची त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीइतकी घ्यावी, म्हणजे पट्टा ४३ पिक्सेलचा असेल तर ४० च्या आसपासपासून सुरुवात करावी. १६ बिटांत असल्यामुळे ब्लर दोन पायऱ्यांच्या मधले खरेखुरे अपूर्णांक तयार करतो, तेच ८ बिटांत केले तर पायऱ्या फक्त जागा बदलतात. मग मास्क लावून ब्लर केवळ मोकळ्या आकाशापुरता ठेवावा. क्षितिज, माडांचे शेंडे, चांदण्या आणि पक्षी यांच्यापासून मास्कची कड ब्लरच्या त्रिज्येएवढी तरी दूर असावी, नाहीतर त्यांच्याभोवती धुरकट वलय येते. ब्लर त्यांचा रंग ओढून आणत असल्यामुळे हे वलय मास्क मऊ करूनही जात नाही, म्हणून क्षितिजाजवळ मी आकाशाची वेगळी निवड करून लहान त्रिज्येने दुसऱ्यांदा ब्लर करतो. शेवटी ब्लर केलेल्या भागावर उरलेल्या चित्राच्या दाण्याशी जुळेल एवढा ग्रेन मिसळावा आणि मगच ८ बिटांवर यावे. ब्लर झालेल्या भागात मूळचा दाणा मुळीच उरलेला नसतो, त्यामुळे ग्रेन न घालता जतन केले तर जेपेग त्याच पायऱ्या पुन्हा पाडते.